विंडोज, एल आणि देवव्रत

माझा नवरा देवव्रत गॅसच्या प्लँटमध्ये सेफ्टी इंजिनीअर आहे. प्लँटवर त्याचं फारसं कुणी ऐकत नसावं, कारण तिथलं सगळं तो दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन सांगतो. गॅसचा कॉक बंद केला का, जिन्यात सायकल का ठेवली, इस्त्रीची वायर कुठे लोंबतेय. मागच्या वर्षी त्याची नजर हॉलमधल्या कॉम्प्युटरवर पडली आणि आमची उरलीसुरली शांतताही गेली.

"प्रायव्हसी ही शिस्त आहे," त्याने मला आणि आमच्या लेकीला, अंतराला, सोफ्यावर बसवून सांगितलं. मग प्रत्येकीचं वेगळं खातं उघडलं. खाती साधी, ईमेलशी न जोडलेली, याच मशीनपुरती. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, स्क्रीन लॉक होते. मग खाली कोपऱ्यात सगळ्यांची नावं दिसतात, आपल्या नावावर क्लिक करून पासवर्ड टाकायचा. आधीच्या माणसाचं काम आत तसंच उघडं राहतं, पण दुसऱ्याला दिसत नाही. "ज्याचं त्याच्यापाशी," तो म्हणाला. ॲडमिनचे अधिकार अर्थात एकट्या त्याच्या खात्याला. का, ते विचारायची सोय नव्हती.

या प्रायव्हसीच्या महर्षींना पासवर्ड मोठ्याने म्हटल्याशिवाय टाइप करता येत नाही. "कॅपिटल जी... गोदावरी... ॲट... चार-दोन-दोन..." रोज संध्याकाळी. बाळंतिणीची खोली असती तरी त्याने तिथे हेच म्हटलं असतं. एकदा अंतरा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, वी कॅन ऑल हिअर युअर पासवर्ड." त्यावर तो म्हणाला, "घरात कोण ऐकणार आहे?" माझा नवरा मला माणसात धरत नाही हे मला तेव्हा नव्याने कळलं असं नाही, पण नोंद झाली.

मी मात्र नियम इमानदारीने पाळला. चहा ठेवायला उठले तरी विंडोज आणि एल. कारण माझ्या खात्यात खरंच काहीतरी होतं.

मी लग्नाआधी नाशिकला गणित शिकवायचे. दोहाला आल्यावर दोन वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेत जागा निघाली होती. मी वेड्यासारखी ती देवव्रतला सांगितली. त्याने माझ्या भल्यासाठी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. मला घरचं किती बघावं लागतं, वेळा जुळतील का, याची इतकी चौकशी केली की शाळेने दुसरी बाई घेतली. वर "तुझी दगदग वाचली" हेही ऐकवलं. मी त्या दिवशी पोळ्या लाटताना रडले होते आणि त्याला वाटलं कांदा आहे. तो काय सेफ्टी बघणार.

या वेळी अल थुमामातल्या एका शाळेला सहावीसाठी शिक्षिका हवी होती. पहिली मुलाखत फोनवर झाली. दुसरी म्हणजे मंगळवारी सकाळी ऑनलाइन डेमो: गुणोत्तर आणि प्रमाण, स्क्रीनवर स्लाइड्स दाखवून. मी पंधरवडाभर स्लाइड्स केल्या. खबूसच्या, म्हणजे इथल्या रोट्यांच्या, पाकिटावरून आणि कारक चहाच्या कपावरून उदाहरणं घेतली. त्या सगळ्या माझ्या खात्यात, आणि माझं खातं लॉक. ही नोकरी मला हवी होती. पैशासाठी नाही, तोंडाला फेस येईपर्यंत कुणालातरी काही शिकवण्यासाठी.

मंगळवारी देवव्रत प्लँटच्या बसने गेला, अंतरा शाळेत गेली. मी इस्त्रीची कुर्ती घातली, कॉम्प्युटरसमोर बसले, माझ्या नावावर क्लिक केलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून. चुकीचा.

आदल्या संध्याकाळी चालत होता. मी पासवर्ड बदलला नव्हता, अंतराला तो बदलता येत नाही. उरला एक.

मग सगळं लक्षात आलं. गेले काही दिवस तो सोफ्यावरून विचारत होता, "हल्ली फार लॉक करतेस?" त्यानेच शिकवलेलं, आणि त्यालाच ते खुपायला लागलं. ॲडमिनला दुसऱ्याचा पासवर्ड दिसत नाही, पण जुना माहीत नसतानाही नवा घालता येतो. त्याने तेच केलं, आत शिरला, बघितलं आणि पुन्हा लॉक करून झोपला. माझा जुना पासवर्ड परत ठेवणं त्याला शक्यच नव्हतं, कारण तो त्याला ठाऊक नव्हता. कुलूप तोडून आत आलेल्या या शहाण्याला बाहेर पडताना आपणच लावलेलं नवं कुलूप दिसलं नाही. आणि स्लाइड्सवर डेमोची तारीख होती. ती वाचून तो सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन गेला, एक शब्द न बोलता.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. फोन करून उपयोग नव्हता, प्लँटच्या गेटवर मोबाइल ठेवून घेतात. मशीन बंद करून चालू केल्याने पासवर्ड परत येणार नव्हता, उलट आत उघड्या असलेल्या स्लाइड्समधले शेवटचे बदल मी सेव्ह केले नव्हते, ते गेले असते.

मी डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या देवव्रतच्या नावावर क्लिक केलं. कॅपिटल जी. गोदावरी. ॲट. चार-दोन-दोन. दार उघडलं.

तिथल्या खात्यांच्या यादीत माझं नाव निवडलं आणि नवा पासवर्ड घातला, जसा त्याने घातला होता. मग आणखी एक काम केलं: त्याच्या खात्याचाही पासवर्ड बदलला. जुना विचारला गेला, तो मला पाठ होता. त्याच्या फाइली, त्याचे मेल मी बघितले नाहीत. मला त्यांची उत्सुकताही नव्हती, माणूस माहीत आहे.

विंडोज, एल. माझं नाव. नवा पासवर्ड. स्लाइड्स जिथे सोडल्या होत्या तिथेच उघड्या होत्या, कर्सर कारक चहाच्या कपापाशी लुकलुकत होता. डेमोला मी थोडी उशिरा पोचले, माफी मागितली आणि शिकवायला लागले. पहिल्या उदाहरणानंतर मी देवव्रतला साफ विसरले.

दुपारी शाळेचा फोन आला: रविवारपासून या.

संध्याकाळी तो आला, चहा घेतला, कॉम्प्युटरसमोर बसला. "कॅपिटल जी... गोदावरी..." मी पोळ्या लाटत होते. तो थांबला. पुन्हा म्हणाला, जरा हळू. तिसऱ्यांदा मनातल्या मनात म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा.

"सुचित्रा, माझा पासवर्ड चालत नाहीये."

"अरे. कुणी बदलला असेल?"

अंतराने पुस्तक मिटलं.

"कुणीतरी माझ्या खात्यात शिरलंय," तो म्हणाला.

"काय सांगतोस. आणि असं करतं कोण, देवव्रत? तुला माहितीये, असं कसं करतात ते?"

त्याला माहीत होतं आणि ते बोलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी पोळी उलटली.

"मी काल तुझा बदलला होता," तो शेवटी म्हणाला. "फक्त बघायला. तुला सकाळी सांगणार होतो, राहून गेलं."

"डेमो झाला माझा. रविवारपासून जातेय." मी पोळी ताटात वाढली. "त्या शाळेत तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर फोन करू नकोस."

"माझा नवा पासवर्ड काय आहे?" त्याने विचारलं.

"जेवण झालं की सांगते," मी म्हणाले. "पण टाइप करताना म्हणू नकोस. घरात ऐकणारी माणसं आहेत."