पहिली पसंती

सुभेदार कृष्णात त्या दिवशी सकाळपासून घर आणि अंगण एक करत होते. चहा घेतला तो निवला, दुसरा घेतला तोही निवला. बायको विजयमाला शेवटी म्हणाली की बसा एका जागी, नाहीतर शेताकडं तरी जावा. पण शेतात कुठं रेंज असते? आज इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पहिल्या फेरीत कुणाला कुठलं कॉलेज लागलं ते कळणार होतं, आणि आपल्या लेकीला कुठलं लागतंय हे पहिल्यांदा आपणच बघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, बर्फात उभा राहिलेला, पण त्या दिवशी मिनिटामिनिटाला मोबाईल काढून बघत होता.

लेक संयोगिता नुकतीच कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधनं मेकॅनिकलचा डिप्लोमा झाली होती. शेवटच्या वर्षाचे मार्क असे, की शेजारीपाजारीही पेढे मागायला लाजत नव्हते. आता इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जायचं होतं, तेही सांगलीच्या मोठ्या कॉलेजात. पोरीला दुसरं काही दिसतच नव्हतं.

खरं सांगायचं तर हे सांगलीचं वेड तिच्या डोक्यात भरलं कृष्णातांनीच. तीन वर्षांपूर्वी ती दहावी झाली तेव्हा शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. अकरावी-बारावी सायन्स करू द्या, सीईटी चांगली गेली तर पहिल्या वर्षालाच चांगलं कॉलेज मिळेल, असं त्या जीव तोडून सांगत होत्या. कृष्णातांचे थोरले भाऊ नानासो यांनी तर त्याच उन्हाळ्यात आपल्या पृथ्वीराजला साताऱ्यात क्लासला घातला. पोरगं पोरीएवढंच, एकाच वर्षी दहावी झालेलं. गावात बोलबाला झाला, की हुशार पोरीला डिप्लोमाला घालतोय आणि मध्यम पोराला सायन्सला, हे गाडं उलटं जुपलंय.

कृष्णातांनी मात्र ऐकलं नाही. निवृत्तीनंतर ते साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा बघत होते, आणि गेटवर उभ्या माणसाला आतलं सगळं कळतं. नुसता डिप्लोमा झालेला माणूस मशीनचा नाडीवैद्य असला तरी वर चढताना अडकतो, नवीन डिग्रीवाल्या पोराला साहेब म्हणतो, हे त्यांनी बघितलं होतं. आणि कोरी डिग्री घेऊन आलेलं पोरगं पहिल्या दिवशी मशीनपुढं कसं बावरतं, तेही बघितलं होतं. म्हणून आधी हात बसू दे, मग कागद, असा त्यांचा हिशोब. शिवाय एका सीईटीवर सगळं लावायचं त्यांना पटेना. वेळ दोन्ही वाटांनी तेवढाच लागतो, मग पायरी पायरीनं का जाऊ नये? मधेच काही झालं तरी हातात डिप्लोमा राहतो.

संयोगिता तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. बाईंचं बोलणं तिच्या मनात बसलं होतं. मग कृष्णातांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "तू डिप्लोमा कर. सांगली माझ्याकडं लागली." झालं, पोरगी उठून जेवली. आता सांगली काय यांच्या खिशात होती? पण बापानं शब्द टाकला की पोरी तो गाठीला बांधून ठेवतात. पुढची तीन वर्षं ती उंब्रजवरनं पहाटेची एसटी धरून कराडला गेली, वर्कशॉपमधनं हाताला ग्रीसचा वास घेऊन आली, आणि एकदाही हूं का चूं केलं नाही.

तिकडं पृथ्वीराजची सीईटी घसरली. त्याला हायवेकडच्या एका नव्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जागा मिळाली आणि तोही आता दुसऱ्या वर्षात जाणार होता. डिप्लोमावाली आणि बारावीवाला बरोबर एकाच उंबऱ्यापाशी आले होते. कृष्णात मिशीला पीळ देऊन म्हणायचे, आता बघा कोण कुठं लागतंय ते.

सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाल्यांच्या जागा मोजक्याच. पण संयोगितानं मागच्या वर्षी शेवटची जागा किती मार्कांना गेली ते काढून ठेवलं होतं, आणि तिचे मार्क त्याच्या चांगलेच वर होते. तिनं ऑनलाईन पसंतीक्रम भरला: पहिलं सांगली, मग साताऱ्याकडचं एक, आणि अगदीच काही नाही तर तिसरं हे पृथ्वीराजचं, हायवेचं. एवढ्यात तासगावला आजोळी मामाच्या घरी वास्तुशांत निघाली. ओटीपी बापाच्या नंबरवर यायचा म्हणून जाताना तिनं पासवर्ड दिला आणि सांगितलं, की पप्पा, मी सगळं भरलंय, फक्त उंब्रजला नेटवाल्याकडं जाऊन कन्फर्म करा.

फक्त कन्फर्म करा. एवढंच काम होतं हो!

पण कृष्णात नेटवाल्या आप्पासोच्या दुकानात खुर्चीवर बसले आणि पडद्यावर सगळ्यात वर सांगली बघून त्यांनी आप्पासोला थांब म्हटलं. कारण फौजेत बदलीसाठी तीन ठिकाणं लिहून द्यायची असतात, आणि त्यांचा अनुभव असा, की पहिलं लिहिलेलं कधी मिळत नाही. पुणे लिहिलं, तेजपूर मिळालं. परत पुणे लिहिलं, भटिंडा मिळालं. मग एका जुन्या उस्तादानं कानमंत्र दिला, की जे मनापासून पाहिजे ते तिसऱ्या नंबरला लिही, वरचे दोन साहेबाच्या पेन्सिलीला खायला दे. त्यांनी बेळगाव तिसऱ्या नंबरला लिहिलं आणि काय सांगावं, बेळगावच मिळालं! तेव्हापासून हा मंत्र त्यांच्या हाडात मुरलेला. त्यांनी स्वतः तो पलटणीतल्या किती पोरांना दिला असेल.

त्यांनी आप्पासोला सांगितलं, की खालचं वर घे आणि सांगली तिसरी टाक. आप्पासोनं मान वर केली. म्हणाला, सुभेदार, पहिलं लागलं तर तेच घ्यावं लागतं बरं का, पुढच्या फेऱ्या बंद. कृष्णात हसले. "पहिलं लागतंय व्हय कुणाला कवा?" म्हणाले, आणि ओटीपी वाचून दाखवला. घरी येताना मोटारसायकलवर शीळ घालत आले. लेकीला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगली लागल्यावर सांगू आणि शाबासकी घेऊ, असा बेत.

आता ती तासगावहून परत आली होती, आणि अंगणात फेऱ्या मारणाऱ्या बापाच्या हातात मोबाईल वाजला. त्यांना ते बारीक इंग्रजी वाचता येईना. संयोगितानं मोबाईल घेतला, वाचला, परत वाचला.

"पप्पा, हायवेचं लागलंय. पसंती क्रमांक एक." तिनं बापाकडं बघितलं. "एकला तर मी सांगली टाकली होती."

कृष्णातांच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यांनी सगळं सांगितलं, तेजपूर, भटिंडा, बेळगाव, उस्ताद, सगळं. सांगताना त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना. विजयमाला कपाळाला हात लावून चुलीपाशी बसली. संयोगितानं कागदपत्रांची फाईल काढली आणि चप्पल घालून गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

कराडच्या प्रवेश सुविधा केंद्रात साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं, की सिस्टीम फक्त मार्क बघते आणि वरनं खाली येते. पहिल्या पसंतीला जागा मिळाली की तिथंच थांबते, खाली काय लिहिलंय ते बघतसुद्धा नाही. जागा आपोआप पक्की झाली. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतनं बाहेर. फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा असतात, पण सांगलीत काही उरत नाही. कृष्णात म्हणाले, चूक माझी, पोरीची न्हाई, मला शिक्षा करा. साहेब म्हणाले की इथं शिक्षेचा रकाना नाही. आणि एक सांगितलं, की सांगली पहिली असती तर या मार्कांना ती लागलीच असती. हे तरी कशाला सांगायचं? पण सांगितलं.

येताना ती मागं बसली होती. कृष्णातांना वाटत होतं, की शिव्या दे, पाठीत गुद्दे घाल, पण बोल. उंब्रजच्या स्टँडपाशी त्यांनी गाडी थांबवली, कारण डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता. नानासोंचा फोन येऊन गेला होता: बरं झालं, भावाबहिणीला एकच कॉलेज, घरापासनं जवळ. त्यात टोमणा होता का माया होती, देव जाणे.

बाकावर बसल्यावर संयोगिता म्हणाली, की ती हायवेच्या कॉलेजात जाणार नाही. साताऱ्यातल्या ज्या कारखान्यानं कॅम्पसमध्ये तिला ट्रेनी म्हणून निवडलं होतं, तिथं एक वर्ष काढेल. डिप्लोमाचे मार्क कुठं पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो. पृथ्वीराज एक वर्ष पुढं जाईल, गाव बोलेल, बोलू दे. कृष्णातांनी मान खाली घातली. दोन्ही वाटांनी वेळ तेवढाच, हा हिशोब ते तीन वर्षं सगळ्यांना ऐकवत होते, आणि त्यातलं एक वर्ष त्यांनीच आपल्या हातानं घालवलं होतं.

"पप्पा, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमाला जन्मात कवा पहिलं मागितल्यालं मिळालंय का?"

कृष्णातांनी आठवून बघितलं. पुणे आठवलं. त्याआधी शाळा आठवली, त्यांना आयटीआयला जायचं होतं आणि घरच्यांनी भरतीच्या रांगेत उभं केलं होतं.

"न्हाई गं," ते म्हणाले.

"म्हणून तुमाला ठाव न्हवतं." तिचा आवाज आता पहिल्यांदा फुटला. राग होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. "मागितलं की मिळतं कधीकधी, हे ठावच न्हवतं तुमाला."

कृष्णातांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. साताऱ्याची एसटी आली, माणसं चढली-उतरली, गेली.

"पुढल्या वर्षी मी एकच भरणार हाय," संयोगिता म्हणाली. "सांगली. दुसरं काय न्हाईच."

"आन नाय लागली तर?" त्यांच्या तोंडून निघूनच गेलं.

"तर नाय लागली म्हणायचं, पप्पा. पर मागून तर बघू."

कृष्णातांनी खिशातला मोबाईल काढून तिच्या हातात दिला. ओटीपीचा नंबर तुझा करून घे, म्हणाले, आणि गाडीला किक मारायला उठले.