गार पट्टा

उद्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून दुपारी आमचे हे मोबाइल घेऊन बसले. मिनिस्ट्रीत तीस वर्षं फायली हलवलेला माणूस, बीपीचीही फाइलच केली. सकाळी गोळीआधी, संध्याकाळी जेवणाआधी, पाच मिनिटं गप्प बसून मोजायचं. मशीन आकडा आपोआप ह्यांच्या ॲपला धाडतं. त्या पाच मिनिटांत मी कुकरही लावायचा नाही, इतका थाट.

"सकाळची सरासरी एकशे अठ्ठेचाळीस, संध्याकाळची एकशे सव्वीस," हे म्हणाले. "घरी एकशे पस्तीसच्या खाली हवं. गोळी वाढणार, बिल्कुल."

मैत्रेयीनं, आमच्या लेकीनं, मोबाइल ओढून घेतला. "बाबा, नुसती सरासरी नका बघू. एकेक नोंद बघा. रोज सकाळी दोन आहेत. पहिली एकशे अडुसष्टच्या आसपास, सहा मिनिटांनी दुसरी एकशे अठ्ठावीस. एखाद्या दिवशी ठीक आहे, यार. चौदाही दिवस?"

"मी एकदाच मोजतो," हे म्हणाले.

मला हसू आलं. "अगं, पहिली नोंद म्हणजे मशीनचा पट्टा गरम करायची. दिल्लीचा जानेवारी, सकाळी पट्टा नुसता बर्फ. ह्यांना गार लागला की घर डोक्यावर घेतात. म्हणून आधी मी माझ्या दंडाला बांधते, मशीन चालतंय का तेही बघते. आकडा जास्त यायचा, म्हटलं थंडीत मशीनही आखडत असेल. संध्याकाळी हीटर असतो, तेव्हा गरज नाही."

मैत्रेयीनं मोबाइल टेबलावर ठेवला.

"आई," मैत्रेयी हळूच म्हणाली, "मशीन नाही गं. ते तुझं बीपी आहे."

मी? मला तर कधी साधं डोकंही दुखत नाही! मैत्रेयीनं मला खुर्चीत टेकवून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. लग्नानंतर या घरात माझ्यासाठी कुणी पाच मिनिटं गप्प बसल्याचं मला आठवत नाही. एकशे बहात्तर, एकशे चार. मिनिटाभरानं पुन्हा. एकशे सत्तर, एकशे दोन.

"छातीत दुखतंय? दम लागतोय? धूसर दिसतंय?"

"नाही."

"मग उद्याची वेळ तुझी. सकाळच्या त्या पहिल्या नोंदी काढल्या की बाबा उत्तम आहेत."

हे पांढरेफटक पडले होते. "चौदा दिवस माझ्याच मोबाइलमध्ये होतं, सुमित्रा," एवढंच म्हणाले. मी घाबरले होते, आणि खरं सांगते, मला रागही आला होता. कुणावर, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात निघाले, तर ह्यांनी खुर्ची पुढे सरकवली. पट्टा त्यांच्या स्वेटरच्या आत, काखेत दाबून धरलेला होता.

"बस. गरम झालाय," हे म्हणाले. "बटण नाही दाबलेलं."

मी बसले.