पाचशे किलोमीटरनंतरचा तळ

धावणाऱ्यांच्या क्लबात तिला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण बूट चांगला की वाईट हे ती नुसता अंगठा दाबून सांगत नसे, मोजून सांगे. डोंगरवाटांवरच्या बुटांचे पाचशे किलोमीटर आता पुरे झाले होते, तीनशेवीस कोरडे, एकशेऐंशी ओले. क्लबच्या मासिकासाठीचा अभिप्रायही जवळजवळ लिहून झाला होता. तळाचे दात साडेचार मिलिमीटरवरून पावणेतीनवर आले होते, करंगळीपाशी जाळी फाटली होती, टाचेखालचा फोम चारशेनंतर बसला होता. चिखलात पकड पक्की, पाणी लवकर निथळतं. घोडं अडलं होतं ते ओल्या दगडाच्या वाक्यावर.

शंभर किलोमीटरनंतरच्या पहिल्या अभिप्रायात तिने ठोकून दिलं होतं, की ओल्यात हे बूट बिनधास्त वापरा. त्या भरवशावर धाकट्या जावेने तेच बूट घेतले आणि तिसऱ्याच आठवड्यात ओढ्यातल्या कातळावर घसरून मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून घरात जाऊ धांदरट ठरली. हिचं लक्ष पायाखाली नसतंच, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जावेनेही ते निमूट मान्य केलं आणि धावणं सोडलं.

ओल्या दगडावर मोजपट्टीचेही पाय आता सटकत होते. दात झिजले म्हणून पकड गेली, एवढं लिहिलं की काम भागत होतं आणि पहिला अभिप्रायही शाबूत राहत होता. मोह मोठा होता. पण जाऊ पडली तेव्हा तिचे बूट जेमतेम साठ किलोमीटर धावले होते, ते काही केल्या मनातून जाईना.

दोघींचं माप एकच. रविवारी सकाळी ती तीन जोड घेऊन ओढ्यावर गेली. एकाच कातळावर स्वतःचे बूट घसरले, जावेचे जवळजवळ नवे बूटही तसेच घसरले. मऊ रबराचा जुना जोड मात्र चिकटून राहिला. म्हणजे दोष झिजेचा नव्हता, रबरच कडक होतं. म्हणून तर ते इतकं टिकलं. चिखलात दात रुततात, गुळगुळीत ओल्या दगडावर त्यांचा उपयोग नाही. आणि पहिल्या शंभरात ती ओल्यात धावली होती ती सगळी चिखलातून. तिला स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिने जावेला नवा परिच्छेद वाचून दाखवला. "ओल्या कातळावर हे बूट नवे असतानाही घसरतात. पहिल्या अभिप्रायात मी उलट लिहिलं. दगडावर न तपासताच लिहिलं. चूक माझी आहे."

जाऊ चिडेल असं तिला वाटलं होतं. जावेने मनगट चोळत विचारलं,

"म्हणजे त्या दिवशी मी पाय नीटच टाकला होता?"

"नीटच टाकला होतास."

जाऊ उठली, बाहेरच्या खोलीत सासूबाईंसमोर चालू असलेला टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढली.

"ताई, इथे बसा," ती म्हणाली. "आता परत वाचा. सावकाश."