शेवटच्या बाजूचं गाणं

"ताई, सतरंज्या झाडल्याबिगर टांगू नका. लेकरांच्या छातीत धूळ जाईल," रखमाबाईंनी बजावलं होतं. शाळेत वीस वर्षं झाडलोट केलेली बाई. धुळीची जात तिच्याइतकी कोण ओळखणार? पण सुमेधाची सगळी घाई घड्याळाशी बांधलेली. "अहो, आता झाडत बसलो तर मुंबईची माणसं दारात उभी राहतील," म्हणत तिने संमेलनाच्या सतरंज्या तशाच खिडक्यांवर टांगायला लावल्या. टेंभी नाक्यावरच्या टांग्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

छप्पन साल. ठाण्याच्या या शाळेने मुलांच्या भक्तिगीतांचा संच काढायचं ठरवलं होतं: तीन तबकड्या, सहा बाजू, दर बाजूला एक गाणं, सोबत शब्दांची छोटी पुस्तिका. गाण्यांचा क्रम, वेळ आणि पुस्तिका, तिन्ही कामं सुमेधाकडे आली, पालकांत बी.ए. झालेली तीच. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांपेक्षा फार मावत नाही. शेवटचं, देवाला निरोप देण्याचं गाणं पावणेचार मिनिटांवर जात होतं. ते तिच्या सात वर्षांच्या हेमाने एकटीने म्हणायचं होतं.

"एक कडवं गाळू," संगीत शिकवणारे विश्रामगुरुजी म्हणाले होते.

"शब्द नकोत गाळायला. कडव्यांमधली पेटी काढा," सुमेधा म्हणाली.

"पोरीने श्वास कुठे घ्यायचा मग? बी.ए.वाल्यांनी देवालाही वेळापत्रक लावलं म्हणायचं!" गुरुजी हसले, सुमेधाही हसली. मधली पेटी गेली.

मुंबईहून ध्वनिमुद्रणाला आलेले महिपतराव टेपचं यंत्र मांडता मांडता म्हणाले, "छोट्या मुलीचं आधी घेऊ. टेप आहे, क्रम मागाहून लावता येतो."

"गणपतीआधी निरोप?" गुरुजींनी कानाला हात लावले. "छे, छे!"

सुमेधाने गुरुजींचीच री ओढली. आपण आखलेला क्रम मोडणं तिच्याही जिवावर आलं होतं. पंखा आवाज करतो म्हणून बंद, दारं बंद. पाच गाणी होईस्तोवर दुपारचे दोन वाजले. हेमा तोवर खिडकीखाली, सतरंजीला टेकून बसलेली.

तिचं पहिलं कडवं झालं आणि महिपतरावांनी हात वर केला. "ओळ संपली की शिट्टी वाजतेय. पेटीचा भाता फाटलाय का हो?"

"माझ्या पेटीचा भाता?" गुरुजी दुखावले. त्यांनी पेटी मिटली. नुसत्या तंबोऱ्यावर पुन्हा घेतलं. शिट्टी होतीच.

"आता कोणी काही वाजवू नका, गाऊ नका," महिपतराव म्हणाले. "बाई, तुम्हीच ऐका जरा."

सुमेधाने हेडफोन कानाला लावले. खोलीत सगळे चिडीचूप. आणि तिच्या कानात अगदी जवळून आवाज आला: सूं... सूं... मांजराच्या पिल्लाने दारामागे रडावं तसा. समोर माइकपाशी हेमा तोंड मिटून उभी होती. नाकपुड्या फुललेल्या, खांदे वर चढलेले. रोज रात्री कुशीत घेऊन निजवलेलं पोर. आणि तिची छाती आईला यंत्राने ऐकवावी?

"रखमाबाई, दार उघडा!"

हेमाला तिने पटांगणात नेलं. "आई, एकदाच म्हणते ना... आता नाही वाजणार," हेमा तुटक तुटक म्हणत होती. रखमाबाईंनी तिला पुढे वाकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला. "बोलू नको ग बाय. श्वास सोड, आधी सोड." मग पदराने तिच्या केसांतली सतरंजीची धूळ पुसली.

टांग्याने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुई टोचली, म्हणाले, "बाळदमा. किती दिवसांपासून आहे?" सर्दी आहे, सर्दी आहे, असंच सुमेधा म्हणत आली होती.

शेवटचं गाणं पुढच्या आठवड्यात बाकीच्या मुलांनी मिळून म्हटलं. खिडक्यांवर धुतलेल्या चादरी होत्या, एक कडवं गाळलं होतं, पेटी जागच्या जागी होती. हेमा ओसरीवरून ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "ते सगळे एकदम श्वास घेतात." बस्स, एवढंच.

पुस्तिकेचं कच्चं मुद्रित आलं तेव्हा सुमेधाने स्वतःच्या हाताने हेमाचं नाव खोडलं. गाळलेलं कडवंही खोडलं. अर्धं पान कोरं राहिलं. तिथे छापखानेवाला वेलबुट्टी टाकणार होता. तिने ती टाकू दिली नाही. तिने लिहिलं:

"हे गाणं लागलं की तुमचं मूलही सोबत म्हणेल. ते गोड म्हणतंय यावर जाऊ नका. गाणं संपलं की तबकडी थांबवा, मुलाला जवळ घ्या आणि त्याच्या पाठीला कान लावा. आजच लावा."