ऑल्डर्सन यांना लिहिलेलं पत्र

दात्याला दिल्या शब्दाची आठवण करून देणं ही मानवी संस्कृतीतली सर्वोच्च कला आहे. यॉर्कशरमधल्या या गावात ती चर्चच्या मागच्या खोलीत, गार चहाबरोबर चालते.

चर्चच्या घंटेच्या दुरुस्तीसाठी ऑल्डर्सन यांनी वर्षापूर्वी कबूल केलेले दोन हजार पौंड आलेच नव्हते. ऑल्डर्सन म्हणजे चर्चच्या चिटणीस विनिफ्रेडचे सख्खे शेजारी. दुखावले तर कुंपणावरून बोलणंही बंद. म्हणून तिने पत्राच्या मसुद्यातलं ‘थकबाकी’ खोडलं, मग ‘स्मरणपत्र’ही खोडलं. घंटा खाली उतरवल्याची बातमी घातली, ‘परिस्थिती बदलली असल्यास निःसंकोच कळवावे’ असं लिहिलं आणि खाते क्रमांक जोडला.

“आणि हे काय?” खजिनदार डेस्मंडने चष्म्यावरून पाहिलं. “‘हा तपशील आमच्याकडूनच पाठवायचा राहिला असावा’? अहो बाई, धडधडीत खोटं! तेही चर्चमध्ये!”

“खोटं नाही हो, उशी आहे. माणूस टेकेल तिच्यावर.”

गुरुवारी पैसे जमा झाले. संध्याकाळी ऑल्डर्सन स्वतःहून कुंपणाशी आले.

“बरं झालं नंबर पाठवलात. वर्षभर वाट पाहत होतो. मागायचं कसं, म्हणून गप्प बसलो.”

खाते क्रमांक पाठवायचं काम खजिनदाराचं; डेस्मंडने तो खरंच पाठवला नव्हता.