आवृत्त्यांचं वजन

इस्लामपूरच्या स्टुडिओत संयोगिता लग्नाचे अल्बम रचत असे. स्वतःची छायाचित्रंही तिनं स्टुडिओच्याच ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवली होती: माणच्या माळावरचे मेंढपाळ, उन्हानं तडकलेले चेहरे, तीन उन्हाळ्यांची तिची एकटीची भटकंती. घरची हार्डडिस्क निकामी झाल्यापासून त्यांची दुसरी प्रत कुठेच उरली नव्हती.

आज पाटलांच्या मुलीचा अल्बम सांगलीच्या प्रेसला पाठवायचा होता आणि ड्राइव्ह तो घ्यायला तयार नव्हता. जागा संपली होती.

"तुझी ती मेंढरं काढ आधी," मालक उदयसिंह म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या जागेत मेंढरं कशापायी?"

तिनं ती हटवली. जागेची निळी पट्टी तसूभरही हलली नाही.

"काढलीस की न्हाई?"

"काढली, दादा. पण ती कचरापेटीत आहेत. पेटीतलंही जागेत धरतात. ती रिकामी केली, तर मात्र परत मिळायची नाहीत. आधी उतरवून घेते."

"हितलं नेट बघतीस न्हवं? रात उजाडंल. पाटील दारात उभा ऱ्हाईल, त्याला काय मेंढरं दाखवू?"

कायमचं हटवायचं का, असं पडद्यानं विचारलं. तिनं होकार दिला. हात तिचाच होता. पट्टी किंचित मागे सरली आणि थांबली. अल्बम तरीही मावेना.

तिनं सांगलीला प्रेसमधल्या गोमटेशला फोन लावला.

"ताई, अल्बमच्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या बघितल्यात का? दर सेव्हला एक अख्खी प्रत साठते, ती पण मोजतात. पण जुन्या झाल्या की आपोआप जातात की."

या गेल्या नव्हत्या. मामाचा फोटो मोठा, मामाचा लहान, आत्याबाई डावीकडे, आत्याबाई उजवीकडे: पाटलांच्या घरातला प्रत्येक रुसवा तिथं अखंड जपलेला होता. आणि प्रत्येकासमोर 'कायम ठेवा'ची खूण.

"ही खूण कुणी केली, दादा?"

"मीच की! गिऱ्हाईक म्हनतंय, आदीचंच बरं हुतं. मग ते कुटनं आनायचं? आख्ख्या लग्नसराईचं ठेवलंय." त्यांच्या स्वरात अभिमान होता.

तिनं त्या आवृत्त्या एकेक करून पुसल्या, मग इतर अल्बमच्याही. थोड्या वेळानं पट्टी मागे सरू लागली, निम्म्याच्याही खाली गेली. जिथं मामाच्या मिशांना एवढी ऐसपैस जागा होती, तिथं माणच्या माळाला ती कधीच अपुरी नव्हती.

अल्बम सांगलीला पोचला. उदयसिंहांनी चहा मागवला आणि पडद्याकडं बघून ते खूश झाले.

"लय जागा झाली की गं! टाक आता तुजी मेंढरं परत. माजी काय ना न्हाई."

तिनं चहाचा पेला हातात घेतला. नंतर, कुणी सांगितलं नसतानाही, तिनं कचरापेटी पुन्हा एकदा उघडली. ती रिकामीच होती.