एक रुपयाचा आहेर

हनुमंताच्या मुलीचं लग्न ठरलंय हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण मला पत्रिका आली नव्हती. साखर कारखान्यात आम्ही दोघं एकाच पाळीला होतो. डबा एकत्र खायचो. म्हणून मला राग आला होता. माझी बायको सुरेखा असती तर म्हणाली असती, येईल की, दम धरा. ती दिवाळीनंतर गेली. आता दम धर म्हणणारं घरात कोणी नाही.

एक दिवस सकाळी चहा पीत बसलो होतो तेव्हा हनुमंताच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. राग गेला. पत्रिकेवर बोट ठेवलं, तर फोन काहीबाही विचारायला लागला. याची परवानगी द्यायची का, त्याची द्यायची का. मी सगळ्याला हो म्हटलं. लग्नाच्या कामात नाही म्हणू नये. मग एक पान आलं, त्यावर गणपती होता आणि खाली लिहिलं होतं, 'वधूवरांना एक रुपया आहेर पाठवा, पत्रिका उघडेल.' सुरेखानं जन्मात कोणाचा आहेर चुकवला नव्हता. मी एटीएम कार्डाचा नंबर टाकला, पिन टाकला. पत्रिका उघडली नाही. मला वाटलं, रेंज नसेल.

चहाचा कप विसळून ठेवतोय तर फोन वाजला. बँकेचा मेसेज. अठ्ठेचाळीस हजार गेले. मी चष्मा पुसला, तोवर दुसरा आला. सदतीस हजार.

हे पैसे गिरणीचे होते. सुरेखानं शेळ्या पाळून साठवले होते. सुनेला, दिपालीला, घरातच पिठाची गिरणी टाकून द्यायची हे तिनं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात श्रीरामपूरच्या दुकानदाराला पैसे द्यायचे होते.

मी दिपालीला हाक मारली. ती पिठाच्या हातानंच आली.

"मामा, कोणाला पाठवले एवढे?"

"हनुमंताला. पण मी एकच रुपया पाठवला."

तिनं मेसेज वाचले, मला ओरडली नाही. फोनचं नेट आणि सिम दोन्ही बंद केलं, म्हणजे समोरच्याला आत हात घालता येऊ नये. मग स्वतःच्या फोनवरून १९३० लावला, फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. बचत गटात बँकेच्या साहेबांनी हा नंबर सांगितला होता, म्हणाली. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तेवढ्यात हनुमंत मोटारसायकल अंगणात आडवी टाकूनच आत आला.

"बन्सीभाऊ, माझी पत्रिका उघडली का?"

"उघडली न्हाई. पण आहेर पोचला."

"आरं, ती मी धाडलीच न्हाई! मला पण कोणाची तरी आली हुती, मी दाबली, आन माझ्या फोनवरनं सगळ्या गावाला गेली. आण तो फोन हिकडं. चौकातला दुकानदार समदं पुसून देतो. माझा आत्ताच पुसून आणलाय."

"पुसायचा नाही," दिपाली कानाला फोन लावूनच म्हणाली.

"सूनबाई, आत किडा हाय त्याच्या!"

"किडा राहू द्या काका. पुरावा पण आतच आहे."

हनुमंत माझ्या हातातून फोन ओढायला लागला. मी सोडला नाही. खरं सांगायचं तर पुराव्याचं माझ्या डोक्यात नव्हतंच. त्या फोनमध्ये सुरेखाचा आवाज होता. तिला लिहायला कंटाळा यायचा, म्हणून ती बोलूनच पाठवायची. कोथिंबीर आणा, गॅसवाल्याला फोन करा. मी त्यातलं एकही पुसलेलं नव्हतं आणि कोणाला पुसू देणारही नव्हतो.

तिसऱ्या वेळी १९३० लागला. पलीकडच्या बाईनं नाव, बँक, खातं, किती गेले, कधी गेले ते विचारलं. मग प्रत्येक मेसेजमधला व्यवहाराचा नंबर विचारला.

"मॅडम, आधी पैसं धरा, मग नंबर इचारा!" हनुमंत फोनजवळ तोंड नेऊन ओरडला.

"काका, नंबर मिळाला तरच धरता येतात," ती बाई म्हणाली. "पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. जेवढं लवकर सांगाल तेवढे वाटेत सापडतील."

दिपालीनं दोन्ही नंबर एकेक आकडा करून सांगितले. माझं सिम बंद होतं म्हणून तक्रारीचा नंबर तिच्या फोनवर आला. मग पासबुकावरचा बँकेचा नंबर लावून खातं आणि कार्ड बंद करून टाकलं. हनुमंत म्हणत होता, बँकेचा नंबर गूगलवर बघून लावू. ती म्हणाली, तिथं पण असलेच आहेर घेणारे बसलेत.

फोन झाल्यावर काम संपलं असं मला वाटलं. ती म्हणाली, आता सरकारी साइटवर तक्रार पूर्ण भरायची, नाहीतर अर्धीच राहते. तिनं माझ्या फोनच्या पडद्याचे तिच्या फोननं फोटो काढले. बँकेचे मेसेज, तारीख वेळ दिसेल असे. हनुमंताच्या नंबरावरून आलेली ती पत्रिकेची फाइल. शाखेत जाऊन खात्याचा उतारा शिक्का मारून आणला. हे सगळं आधार कार्डासोबत तिनं दुपारी भरलं. चाकणला कंपनीत असलेल्या माझ्या मुलाला, प्रवीणला, संध्याकाळी कळवलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही जेवलात का? मी नव्हतो जेवलो.

दुसऱ्या दिवशी नगरला सायबर पोलीस ठाण्यात गेलो. हनुमंत पण आला, फाइल त्याच्या नंबरावरून आली होती म्हणून. तिथल्या सविता मॅडमनी माझा फोन हातात घेतला.

"काही पुसलं तर नाही ना? छान. लोक घाबरून सगळं साफ करून येतात, मग आम्ही काय बघायचं?" मग हनुमंताकडे वळल्या. "तुमच्या फोनात काय आहे?"

"काईच न्हाई मॅडम. एकदम स्वच्छ हाय."

"म्हणजे तुम्हाला कोणी पाठवली ते गेलं. आता तुम्ही नाही पाठवली हे यांच्याच फोनवरून बघावं लागणार."

हनुमंतानं माझ्याकडे असं बघितलं, जसं कारखान्यात डबा विसरून आला की बघायचा. मी म्हटलं, "फोन वढत हुतास ना? घे की आता."

मॅडम व्हॉट्सॲप चाळत होत्या. बोट कुठंतरी पडलं आणि ठाण्यात सुरेखा बोलायला लागली. "अवो, ऐकलं का? गिरणीतनं दळण आना. आन तितं गप्पा हानीत बसू नका, भाकरी करायच्यात!"

शेजारच्या टेबलावरचा हवालदार हसला. मग सगळेच हसले, मीसुद्धा. मॅडमनी विचारलं, या कोण? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचं काम झालं की याची एक कॉपी वेगळी करून ठेवा. तक्रारीला नको. तुम्हाला."

एक्काहत्तर हजार दोन खात्यांत सापडले आणि तिथंच गोठवले. बाकीचे आमचा फोन लागायच्या आत एटीएममधून काढले होते. सापडलेलेही लगेच मिळाले नाहीत. अर्ज केला, कोर्टाचा आदेश झाला, त्यात बरेच महिने गेले. तोवर गिरणीचा दुकानदार थांबला. कमी पडले ते प्रवीणनं घातले.

मध्ये हनुमंताच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः आला, कागदाची, हळदीकुंकू लावलेली.

"ही दाबायची न्हाई," तो म्हणाला, "वाचायची."

"आहेर?"

"तुझा हाय जमा."

पोळ्याच्या आधी गिरणी आली. दिपालीनं नारळ फोडला, बटण दाबलं, आणि अंगणभर पीठ उडालं, कारण पिशवी बांधायची राहिली होती. पहिलं दळण आमचंच होतं. ते संपेपर्यंत मी आणि हनुमंत ओट्यावर बोलत बसलो होतो.

"मामा," ती आतून ओरडली, "गप्पा मारत बसू नका, डबा न्या. भाकरी करायच्यात!"

मी उठलो. पीठ अजून गरम होतं.